रीडिंग शून्यावर अडकले: तार तुटली, ट्रान्समीटर गेला की पुरवठाच नाही?

कंट्रोल रूमच्या पडद्यावर एखादे रीडिंग अचानक शून्यावर येऊन बसले की बहुतेक ठिकाणी पहिली उडी ट्रान्समीटरवर पडते. तो उघडला जातो, स्टोअरमधून नवा आणून बसवला जातो, आणि रीडिंग तरीही शून्यच राहते. मग तारा तपासल्या जातात, आणि सर्वांत शेवटी कोणाला तरी फ्यूज आठवतो. हा लेख दोन तारांच्या, लूपमधूनच पुरवठा घेणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअर ट्रान्समीटरपुरता आहे. खुले लूप, मृत ट्रान्समीटर आणि पुरवठ्यातील बिघाड हे तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. मात्र योग्य जागी, योग्य स्थितीत घेतलेली दोन-तीन मापे त्यांना वेगळे करतात. गफलत बहुधा मापात नसते, ती मापाच्या क्रमात असते.

तयारी: हात लावण्यापूर्वी

लूपचे रेखाचित्र समोर ठेवावे आणि त्यावर चार जागा खुणावून घ्याव्यात: इनपुट कार्डाचे चॅनेल, मार्शलिंग पॅनेलमधील फ्यूज टर्मिनल, जंक्शन बॉक्समधील टर्मिनल आणि ट्रान्समीटरची टर्मिनले. पुढील सर्व मापे या चारच जागांवर घ्यायची आहेत.

हे रीडिंग कोणत्या कंट्रोलरला आणि कोणत्या इंटरलॉकला जाते, हे ऑपरेटरकडून विचारून घ्यावे. कंट्रोलर मॅन्युअलवर घेतला गेला आहे आणि इंटरलॉकचा बायपास परमिटसह मिळाला आहे, याची खात्री झाल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये. रीडिंग आधीच शून्य आहे म्हणून आता काही बिघडणार नाही, हा समज घातक आहे. कारण दुरुस्ती करताना सिग्नल क्षणभर जिवंत होऊन पुन्हा पडतो, आणि ट्रिप नेमकी त्या क्षणी येते.

साधने मोजकीच लागतात: मल्टीमीटर, लूप कॅलिब्रेटर, आणि कॅलिब्रेटर नसल्यास १.८ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर. हा रेझिस्टर खिशात असलेला बरा. तो या कामात कॅलिब्रेटरइतकाच उपयोगी पडतो.

इशारा: स्फोटक वातावरणाच्या क्षेत्रात विद्युतपुरवठा चालू असताना ट्रान्समीटरचे झाकण उघडू नये. लूप अंतर्गत सुरक्षित प्रकाराचे असले तरी तेथे त्याच प्रमाणनाचा मीटरच वापरावा आणि जागेच्या परमिटमध्ये लिहिलेल्या अटी पाळाव्यात.

तपासणी: मीटरची मिलिअँपिअर बाजू खरोखर चालते का, हे निघण्यापूर्वी पाहावे. मीटरच्या आतला फ्यूज उडालेला असेल, तर तो चालू लूपमध्येही ०.०० दाखवतो आणि शिवाय लूप स्वतःच खुले करतो. कॅलिब्रेटरमधून १२ मिलिअँपिअर सोडून मीटरवर तेवढे दिसतात का, हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. मी स्वतः एकदा अशा मीटरच्या भरवशावर एक धडधाकट ट्रान्समीटर बाद ठरवला होता.

पायरी १: पडद्यावरचे शून्य नेमके कोणते?

फेसप्लेटवरील ० टक्के पाहून समाधान मानू नये. चॅनेलचे कच्चे मूल्य उघडावे. अनेक सिस्टिममध्ये दाखवले जाणारे मूल्य खाली शून्यावरच थांबवलेले असते, त्यामुळे चार अगदी वेगळ्या अवस्था एकाच शून्यामागे लपतात.

कच्चे मूल्य ४ मिलिअँपिअरच्या आसपास असून थोडेसे हलत असेल, तर लूप पूर्णपणे निरोगी आहे. ट्रान्समीटर जे मोजतो आहे तेच शून्य आहे. इम्पल्स लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे, मॅनिफोल्डचा समतोल व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे किंवा लाइन तुंबली आहे. येथे तारांना हात लावण्याचे कारणच नाही.

मूल्य ४.०० वर काटेकोरपणे खिळलेले असेल, प्रक्रियेत बदल होऊनही जराही हलत नसेल, तर हँडहेल्ड कम्युनिकेटर जोडून पाहावे. मागच्या वेळी कोणी लूप टेस्ट करून स्थिर प्रवाहाची अवस्था तशीच सोडली असेल, किंवा हार्टचा पोलिंग पत्ता बदलताना ट्रान्समीटर मल्टिड्रॉप अवस्थेत गेला असेल. त्या अवस्थेत तो ४ मिलिअँपिअरवर स्थिर राहतो आणि मापन फक्त डिजिटल मार्गाने देतो.

मूल्य ३.६ किंवा त्याहून किंचित कमी असेल, तर ट्रान्समीटर जिवंत आहे आणि स्वतःच आपल्या बिघाडाची सूचना देत आहे. नामुर एनई ४३ या शिफारशीत मापनाची मर्यादा ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर धरलेली आहे, आणि ३.६ वा त्याखालील प्रवाह हा बिघाडाचा संकेत मानला जातो. अशा वेळी सेन्सर तपासावा. तारा आणि पुरवठा दोन्ही ठीक आहेत, नाहीतर एवढा प्रवाह वाहिलाच नसता.

मूल्य ०.०० असेल, म्हणजे श्रेणीच्या हिशेबाने उणे २५ टक्के, तरच पुढील पायऱ्या लागू होतात. जिवंत ट्रान्समीटर इतका खाली कधीच जात नाही. येथे प्रवाह वाहतच नाही, आणि शोध फक्त तो कोठे अडला याचा आहे.

पायरी २: एकटा की सोबत्यांसह?

शेजारची चॅनेले पाहावीत, आणि पाहताना त्यांच्यात समान काय आहे याचा विचार करावा. एका कार्डाची सर्व चॅनेले पडली असतील, तर कार्ड किंवा त्याचा पुरवठा. एकाच फ्यूज गटातील काही पडली असतील, तर तो फ्यूज. वेगवेगळ्या कार्डांवरील, पण एकाच जंक्शन बॉक्समधून येणारी रीडिंगे पडली असतील, तर बॉक्स किंवा त्यापासून येणारी मुख्य केबल. अनेक रीडिंगे एकदम गेली असताना एकाच ट्रान्समीटरचे झाकण उघडून बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

पायरी ३: मार्शलिंग पॅनेलमधील माप

चालत जाण्यापूर्वी पॅनेल उघडावे, कारण निम्मे लूप तेथेच आहे. काहीही न सोडवता तीन व्होल्टेज मोजावीत.

पहिले, फ्यूजच्या पुरवठ्याकडील बाजूस, ऋण बसबारच्या संदर्भाने. येथे २४ व्होल्टच्या जवळपास मिळाले पाहिजे. नसल्यास बिघाड पुरवठ्यात आहे आणि मागे जाऊन पॉवर सप्लाय, डायोड मॉड्यूल व ब्रेकर तपासावेत.

दुसरे, फ्यूजच्या फील्डकडील बाजूस. अलीकडे २४ आणि पलीकडे शून्य असल्यास फ्यूज उडालेला आहे, हे सरळ. पण अनेक फ्यूज टर्मिनलांत फ्यूज उडाल्याचे दाखवणारा दिवा फ्यूजला समांतर जोडलेला असतो, आणि त्यातून पाझरणाऱ्या किंचित प्रवाहामुळे डिजिटल मीटर पलीकडेही वीस-बावीस व्होल्ट दाखवू शकतो. शिवाय लूप पुढे खुले असेल, तर दिव्यातून वाहायला मार्गच नसल्याने तो पेटतही नाही. म्हणून दिव्यावर विसंबू नये. फ्यूज बाहेर काढून त्याचा रोध मोजावा.

तिसरे, कार्डाच्या २५० ओहम रोधावरील व्होल्टेज, जर तो रोध बाहेर बसवलेला आणि हाताला येण्याजोगा असेल तर. ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट आणि २० ला ५ व्होल्ट, असा हा हिशेब आहे. येथे लूप न तोडता प्रवाह कळतो. पडद्यावर शून्य, पण रोधावर २ व्होल्ट असतील, तर प्रवाह येतो आहे आणि दोष कार्डात किंवा कॉन्फिगरेशनमध्ये आहे.

इशारा: उडालेल्या फ्यूजच्या जागी लगेच नवा घालू नये. फ्यूज केबलमधील शॉर्टमुळे उडाला असेल, तर नवाही उडेल. आणि मोठ्या क्षमतेचा घातल्यास तो उडणार नाही, पण त्याऐवजी कार्डाचा रोध जळेल. आधी लूपचा पुरवठा बंद करावा, केबलच्या दोन्ही तारा पॅनेलच्या आणि ट्रान्समीटरच्या बाजूने सोडवून त्यांच्यातील आणि प्रत्येक तार ते शील्ड यांमधील रोध मोजावा. काही किलोओहम जरी दिसले, तरी ओलावा शोधावा. मेगर लावायचाच असेल, तर कार्ड आणि ट्रान्समीटर दोन्ही सुटे असल्याशिवाय लावू नये.

कार्ड नुकतेच बदललेले असेल, तर आणखी एक शक्यता असते. काही कार्डांवर प्रत्येक चॅनेलसाठी, लूपला पुरवठा कार्डाने द्यायचा की बाहेरून यायचा, हे जंपरने किंवा सॉफ्टवेअरमधून ठरवावे लागते. नवे कार्ड चार तारांच्या ट्रान्समीटरच्या अवस्थेत आले असेल, तर त्या चॅनेलवर पुरवठाच नसतो, आणि बाकी सर्व बरोबर असूनही रीडिंग शून्य राहते.

पायरी ४: लूपचे दोन तुकडे करणे

आता सर्वांत निर्णायक चाचणी. पॅनेलमध्ये या लूपच्या फील्डकडील दोन्ही तारा सोडवाव्यात, त्यांच्यावर खूण करावी, आणि त्यांच्या जागी कॅलिब्रेटर ट्रान्समीटर सिम्युलेट अवस्थेत जोडावा. प्रवाह सोर्स करणारी अवस्था येथे चालत नाही, कारण तीत कॅलिब्रेटर स्वतःचा पुरवठा देतो आणि लूपच्या पुरवठ्याची परीक्षा होतच नाही. ही चूक फार वेळा होते आणि मृत पुरवठा ठीक ठरवला जातो.

१२ मिलिअँपिअर ठेवल्यावर पडद्यावर ५० टक्के यावे. कॅलिब्रेटरऐवजी १.८ किलोओहमचा रेझिस्टर जोडल्यास एकूण रोध २०५० ओहम होतो, २४ व्होल्टला सुमारे ११.७ मिलिअँपिअर वाहतात आणि पडद्यावर ४८ टक्क्यांच्या आसपास दिसते. मध्ये बॅरियर किंवा आयसोलेटर असल्यास आकडा वेगळा येईल. तेथे आकड्यापेक्षा रीडिंग श्रेणीच्या मधोमध स्थिर राहते का, हे महत्त्वाचे.

रीडिंग आले, तर पुरवठा, फ्यूज, कार्ड आणि कॉन्फिगरेशन एकाच वेळी निर्दोष ठरले. उरले केबल आणि ट्रान्समीटर. नाही आले, तर फील्डमध्ये जाण्याचे कारण नाही, कारण बिघाड याच पॅनेलमध्ये आहे.

तपासणी: तारा पुन्हा जोडताना धन-ऋण पाहावे. उलट जोडलेला ट्रान्समीटर बहुधा जळत नाही, पण प्रवाहही वाहू देत नाही, आणि मग मूळ बिघाड दूर झाल्यावरही शून्य तसेच राहते.

पायरी ५: ट्रान्समीटरच्या टर्मिनलांवर, तारा जोडलेल्या असतानाच

या पायरीचा सर्व अर्थ “तारा जोडलेल्या असतानाच” या शब्दांत आहे. झाकण उघडले की आधी तारा सोडवून “येथपर्यंत २४ येतात का” हे पाहण्याची सवय असते. ती सोडावी. आधी जोडलेल्या स्थितीत मोजावे, मग सोडवून मोजावे, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. त्या दोन आकड्यांत निदान असते.

जोडलेल्या स्थितीत पूर्ण २४ व्होल्ट आहेत आणि प्रवाह मात्र शून्य आहे: म्हणजे पुरवठा दारापर्यंत पोहोचला आहे, पण ट्रान्समीटर तो घेत नाही. धन-ऋण बरोबर असेल, तर ट्रान्समीटर किंवा त्याचा टर्मिनल ब्लॉक आतून खुला आहे. निरोगी लूपमध्ये येथे पूर्ण २४ कधीच दिसत नाहीत. ४ मिलिअँपिअरला कार्डाच्या रोधावर १ व्होल्ट पडतो आणि येथे सुमारे २३ उरतात, २० मिलिअँपिअरला सुमारे १९, त्यातूनही केबलचा थोडा वाटा जातो.

जोडलेल्या स्थितीतही शून्य आणि सोडवल्यावरही शून्य: मार्गातील एक तार तुटली आहे. पॅनेलमध्ये ऋण बसबार अर्थ केलेला असेल, तर कोणती तुटली हे येथेच कळते. ट्रान्समीटर जोडलेला ठेवून दोन्ही टर्मिनले अर्थच्या संदर्भाने मोजावीत. दोन्हीवर २४ च्या आसपास दिसले, तर ऋण तार तुटली आहे. दोन्हीवर शून्य असेल, तर धन तार.

जोडलेल्या स्थितीत मोजकेच व्होल्ट, सोडवल्यावर जवळजवळ पूर्ण २४, आणि प्रवाह शून्याजवळ: हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. मार्गात कोठेतरी मोठा रोध आहे. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असल्याने त्याच्यासाठी तो रोध नगण्य ठरतो आणि पूर्ण व्होल्टेज दिसते. ट्रान्समीटरने ४ मिलिअँपिअर मागितले की ते कोसळते. साधारण १०.५ ते १२ व्होल्टच्या खाली बहुतेक ट्रान्समीटर चालूच होत नाहीत.

इशारा: प्रवाह मोजून झाल्यावर मीटरची लाल तार मिलिअँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घालावी. ती तशीच राहिली आणि टर्मिनलांवर व्होल्टेज मोजायला गेलो, तर लूप शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. एका बिघाडाचे दोन बिघाड होतात.

टेस्ट टर्मिनलांविषयी

अनेक ट्रान्समीटरांच्या टर्मिनल ब्लॉकवर TEST असे लिहिलेले टर्मिनल असते. त्याच्यामागे लूपमध्ये एक डायोड बसवलेला असतो. मिलिअँपिअर मीटर लावला की प्रवाह डायोड सोडून मीटरमधून जातो आणि लूप न तोडता मोजता येतो. कोणी घाईत पुरवठ्याची तार या टर्मिनलला जोडली, तर तो डायोड जळून खुला होतो. तेव्हा अजब दृश्य दिसते: रीडिंग शून्य, तंत्रज्ञ मीटर लावतो, प्रवाह अगदी व्यवस्थित, कंट्रोल रूममधून “आले रीडिंग” असा निरोप येतो, मीटर काढतो आणि रीडिंग पुन्हा शून्य. येथे ट्रान्समीटरचे इलेक्ट्रॉनिक्स ठीक आहे. टर्मिनल ब्लॉक बदलला की काम झाले.

पायरी ६: ट्रान्समीटर बाद ठरवण्यापूर्वी

ट्रान्समीटर मृत आहे असे वाटले, तरी दोन पुरावे घ्यावेत. ट्रान्समीटरच्या तारा सोडवून त्यांच्या टोकांना कॅलिब्रेटर किंवा रेझिस्टर जोडावा. पडद्यावर रीडिंग आले, तर त्या टोकापर्यंतचे संपूर्ण लूप ठीक आहे. नंतर ट्रान्समीटर जागेवरच वेगळ्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर, मध्ये २५० ओहमचा रोध घेऊन लावावा. तेथेही प्रवाह शून्य आणि कम्युनिकेटरलाही उत्तर नाही, तर तो मृत आहे. २५० ओहमचा रोध मध्ये नसल्यास कम्युनिकेटर निरोगी ट्रान्समीटरशीही बोलू शकत नाही, हे विसरू नये.

एक उदाहरण, आकड्यांसह

एका टाकीच्या पातळीचा ट्रान्समीटर. पडद्यावर ० टक्के, कच्चे मूल्य ०.०० मिलिअँपिअर, शेजारची सर्व चॅनेले ठीक. पॅनेलमध्ये फ्यूजच्या दोन्ही बाजूंना २४.१ व्होल्ट, फ्यूज काढून पाहिला तर चांगला. फील्डच्या तारा काढून १.८ किलोओहम लावला, पडद्यावर ४८ टक्के. म्हणजे पॅनेल निर्दोष.

आदल्या पाळीने ट्रान्समीटरच्या तारा सोडवून मोजले होते आणि नोंदवहीत लिहिले होते: “२३.८ व्होल्ट येतात, ट्रान्समीटर खराब.” नवा बसवूनही शून्यच होते. आम्ही तारा जोडूनच मोजले, तेव्हा जेमतेम काही व्होल्ट आणि तेही डळमळणारे. तारा सोडवून टोकांना तोच रेझिस्टर लावला, तर त्याच्यावर ०.४ व्होल्ट. हिशेब सरळ आहे: २४ पैकी ०.४ व्होल्ट १.८ किलोओहमवर पडतात, म्हणजे मार्गात सुमारे १०० किलोओहम आहेत.

आता रेझिस्टर तसाच जोडलेला ठेवून जंक्शन बॉक्स उघडला. भार जोडलेला असताना एकाच तारेच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज असू नये. म्हणून प्रत्येक टर्मिनलच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूवर मीटर लावत गेलो. धन तारेच्या टर्मिनलवर, एका स्क्रूच्या अंतरात, २३.५ व्होल्ट मिळाले. स्क्रू घट्टच होता. तार ओढून काढली, तर पिन लग तारेवर नव्हे तर तिच्या आवरणावर दाबलेला होता. तांब्याचे दोन-तीन धागे कसेबसे टेकत होते आणि त्यांवर हिरवा गंज चढला होता. ग्लँडमधून पाणी उतरल्याची पांढरी रेघही बॉक्सच्या तळापर्यंत दिसत होती. लग कापून नवा दाबला, ग्लँड बदलला, आणि जुनाच ट्रान्समीटर परत बसवला.

पायरी ७: परत जोडताना

दुरुस्तीनंतर रीडिंग आले, एवढ्यावर थांबू नये. ट्रान्समीटरकडून किंवा कम्युनिकेटरने ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन पडद्यावर ०, ५० आणि १०० टक्के येतात का, हे पाहावे. २० मिलिअँपिअरची पायरी टाळू नये. मार्गात काहीशे ओहमचा रोध शिल्लक असेल, तर ४ ला सर्व ठीक दिसते आणि २० ला व्होल्टेज अपुरे पडून रीडिंग मध्येच अडकते. त्यानंतर स्थिर प्रवाहाची अवस्था काढली आहे, मॅनिफोल्ड मूळ स्थितीत आहे, झाकणाची रबर रिंग जागेवर बसली आहे, एवढे पाहावे. ऑपरेटरने रीडिंग दुसऱ्या एखाद्या मापाशी, निदान साइट ग्लासशी, पडताळून पाहिल्यावरच इंटरलॉकचा बायपास काढून घ्यावा आणि कंट्रोलर ऑटोवर द्यावा.